मावशीचा व्हिडिओ आणि आमची रांग

मावशीच्या डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं, त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. ती निवृत्त शिक्षिका. शनिवार पेठेतल्या तिच्या दोन खोल्यांत मी नोकरीसाठी येऊन राहिले होते. एका रविवारी तिने मला बेडरूमबाहेर काढलं, दार लावून घेतलं आणि फोन स्टँडवर ठेवून स्वतःचा व्हिडिओ केला. ब्लाउज काढून, एका बाजूला व्रण, दुसऱ्या बाजूला हात फिरवत, गाठ कशी तपासायची ते वर्गात शिकवावं तसं सांगितलं. "मला कुणी दाखवलं असतं तर सहा महिने आधी कळलं असतं," एवढंच मला म्हणाली आणि व्हिडिओ सोशल मीडियाच्या ॲपवर टाकला.

पंधरा मिनिटांत तो गेला. 'नग्नता आणि लैंगिक आशय' या नियमाखाली.

"कुणी बघितलं एवढ्या लवकर?" तिने विचारलं.

"कुणी नाही. मशीन बघतं."

हे मला माहीत होतं, कारण माझी नोकरीच ती होती. हडपसरच्या एका आयटी पार्कमध्ये, त्याच ॲपचं काम घेतलेल्या एका ठेकेदार कंपनीत, काढून टाकलेल्या पोस्टवरची मराठी अपिलं मी तपासत असे. घरी मात्र 'डेटाचं काम' एवढंच सांगायची परवानगी होती. कशावर काम करतो, काय पाहतो, कुठलंच बाहेर बोलायचं नाही, असं लिहून दिलं होतं. मावशीला अंदाज होता, आणि ती तो बोलून दाखवायला कमी करत नसे.

तिने अपील केलं. चांगलं पानभर पत्र लिहायच्या तयारीत होती, पण तिथे लिहायला जागाच नव्हती. चार कारणं दिलेली, एकावर टिक करायची. 'हे नियमांविरुद्ध नाही' यावर तिने टिक केलं. खाली आलं, 'पुनरावलोकन सुरू आहे.' आणि खात्यावर एक ताकीद जमा झाली.

"किती दिवस?"

"बहुतेक एकदोन दिवसांत होतं. कधी जास्त लागतात."

"आणि कधी होतच नाही?"

 तसंही होतं. कमी लोकांनी पाहिलेली पोस्ट रांगेत मागे पडते. धमक्या, आत्महत्या, मुलांचे विषय पुढे घेतात, आणि ते बरोबरच आहे. अपील आलं की आधी मशीनच पुन्हा चाळतं. ज्यात शंका नाही असं त्याला वाटतं ते तिथेच निकाली निघतं, बाकीचं त्या भाषेच्या माणसांकडे येतं. मावशीचं कुठे अडकलं होतं हे मला कळायला मार्ग नव्हता. शोधायला गेले असते तर त्याची नोंद झाली असती आणि त्याच संध्याकाळी माझं ओळखपत्र काढून घेतलं असतं.

आठवडा गेला. रोज पोळी वाढताना मावशी विचारायची, "काही हललं का तुमच्या सरकारात?" मी म्हणायची, "मला दिसत नाही गं." ती म्हणायची, "दिसण्यासाठीच पगार देतात ना?"

नवव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीनंतर, तो माझ्या पडद्यावर आला.

नाव दिसत नाही. आवाज बंद असतो, चित्र आधी काळंपांढरं आणि लहान दिसतं, आमच्याच भल्यासाठी. तरी कपाटाचं ते दार ओळखायला मला क्षणही लागला नाही. शेजारच्या खुर्चीवरची सहकारी कानात इअरफोन घालून पुढचं काम उघडत होती. फोन लॉकरमध्ये, खिडकी बंद, वर कॅमेरा. मी हात टेबलाखाली घेतले.

निर्णय सोपा होता. कर्करोगाची माहिती, शस्त्रक्रियेचा व्रण, आरोग्यासाठी दाखवलेलं शरीर, याला नियमातच परवानगी आहे. एक बटण दाबायचं होतं. पण ओळखीच्या माणसाचं अपील आपण तपासायचं नाही, हाही नियमच, आणि तो मला पटलेला होता. बटण दाबलं असतं तर तपासणीत पकडले गेले असते असं नाही. पण मग रोज रांगेतल्या इतर मावश्यांना मी कुठल्या तोंडाने 'नाही' म्हटलं असतं?

'तपासणाऱ्याची ओळख' असं कारण निवडून मी तो सोडून दिला. तो पुन्हा रांगेत गेला. पुढचं अपील आलं. ते काय होतं, मला आजही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने चहाच्या टेबलावर फोन माझ्यासमोर सरकवला. 'तुमची पोस्ट पुन्हा तपासली. ती आमच्या नियमांत बसत नाही.'

"हे माणसाने बघितलं?"

"बहुतेक."

"मराठी येणाऱ्याने?"

"हो."

"ऐकलं असेल का त्याने, मी काय बोलतेय ते?"

मी उठून कप धुवायला गेले. आवाज न लावता, चित्रावरूनच निर्णय घेणारे आमच्यात बरेच होते. दिवसाचा आकडा गाठायचा असतो. मीही कधी कधी तसं केलं होतं.

कुणालाही सांगता येईल तेवढं मी तिला सांगितलं. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. त्या वेळच्या नियमाप्रमाणे त्याने चोवीस तासांत पोच द्यायची आणि पंधरा दिवसांत निकाल. तिथेही नकार आला तर तीस दिवसांत सरकारच्या अपील समितीकडे जाता येतं. मावशीने लगेच कागद घेतला. या वेळी लिहायला जागा होती. व्याकरण दोनदा तपासून तिने तो अर्ज पाठवला, आणि पोचही वेळेत आली.

चार दिवसांनी आमची आठवड्याची बैठक होती. झालेल्या निर्णयांतले काही निवडून तपासनीस पुन्हा पाहतात, आणि वादाचे असतील ते सगळ्यांसमोर मांडतात. आमच्या टीम लीडने दिवे मंद केले. भिंतीवर मावशी दिसली. पुरुषभर उंच, उघडी, हात फिरवणारी, आणि या वेळी रंगीत.

अकरा माणसं बसली होती. कुणीतरी खुर्ची सरकवली. मला उठून दिवे लावावेसे वाटले. ओळखते असं म्हणाले असते तर ती त्या खोलीत उघडी पडली असती, नावानिशी.

"काढायचा की ठेवायचा?" टीम लीडने विचारलं.

"दिसतंय ना सगळं. काढायचा," मागून एकजण म्हणाला.

"आवाज लावा," मी म्हणाले. माझा स्वर मलाच चढा वाटला.

आवाज लागला. "घाबरायचं नाही, बोटं सपाट ठेवायची," मावशी सांगत होती. संपल्यावर टीम लीड म्हणाली, "आरोग्य-शिक्षण. ठेवायला हवा होता. चूक आपली." तिने नोंद केली आणि पुढचं उघडलं. काढायचा म्हणणाऱ्याने मान खाली घालून काहीतरी लिहून घेतलं. अपिलावरचा तो नकार त्याचा होता की नाही, मी विचारलं नाही.

दोन दिवसांनी व्हिडिओ परत आला, वर संवेदनशील मजकुराचा पडदा लावून. ताकीदही गेली. बैठकीतल्या नोंदीमुळे की अर्जामुळे, ते कळवत नाहीत. मलाही कळलं नाही.

"बघ," मावशी म्हणाली, "नीट मराठीत लिहिलं की काम होतं. तुमची नुसती टिक करून काही होत नाही."

"हो," मी म्हणाले.

ती व्हिडिओखालच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर लिहायला बसली. कुणा एका बाईने विचारलं होतं, दुखत नसेल तरी दाखवायला जायचं का. मी डबा भरला आणि हडपसरची बस पकडायला निघाले. नोकरी मी आणखी आठ महिने केली. आवाज लावल्याशिवाय एकही निर्णय दिला नाही, आणि माझा आकडा कायम कमी भरला.