गुरुवारचा उंच खांब

आमच्या पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांच्या पट्ट्यात गुरुवार म्हणजे रविवार. बहुतेक कंपन्यांना त्या दिवशी सुट्टी, म्हणून माझे वडील गुरुवारी उशिरा उठतात आणि पिंपरी कॅम्पच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. हे आम्हांला कुणी शिकवलेलं नाही, आम्ही ते धरूनच चालतो. त्यामुळेच घोटाळा झाला.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आम्हांला सरांनी एक असाइनमेंट दिली. चपलांच्या एका दुकानानं ग्राहकांना सवलतीचे मेसेज पाठवले, त्या मोहिमेचा नमुना डेटा. प्रत्येक ओळ म्हणजे एक मेसेज: कुठल्या वारी गेला, ग्राहक जुना की नवा, त्यानं सवलत वापरली की नाही. आधी प्रश्न ठरवायचा, मग आलेख काढायचा, शेवटी दुकानदाराला लेखी शिफारस करायची. दोघादोघांच्या जोड्या. सादरीकरणाला तळवड्याच्या एका कंपनीतल्या मॅडम येणार होत्या. दुकानांसाठी असे मेसेज पाठवणं हाच त्यांचा धंदा. ज्या जोडीचं काम आवडेल तिला उन्हाळ्यात त्यांच्याकडे इंटर्नशिप.

मला ती हवीच होती. कारण आईनं अट घातली होती, "तळवड्याचं जमलं तर जा, नाहीतर मामाकडे." मामाचा भोसरीत फॅब्रिकेशनचा वर्कशॉप आहे. आदला अख्खा उन्हाळा मी तिथल्या पत्र्याच्या ऑफिसात फोन उचलत बसले होते. बाहेर ग्राइंडर किंचाळायचा आणि मामा येईल त्याला सांगायचा, "आमची भाची, कंप्युटर शिकतीये." मग मला प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढायला लावायचा. पुन्हा तिथं बसण्यापेक्षा मी चपलांवर पीएचडी केली असती.

माझा जोडीदार चाकणजवळच्या एका गावचा. घरची शेती, मोठा भाऊ कंपनीत, आणि हा संथ. इतका संथ, की त्याला फाइल उघडताना बघून माझं डोकं तापायचं.

प्रश्न मी ठरवला: कुठल्या वारी मेसेज पाठवला तर लोक जास्त खरेदी करतात? पहिला आलेखही मीच काढला. वारानुसार सवलत वापरणारे मोजले, आणि सोमवार धो धो जिंकला.

"सोमवारी मेसेजच लय गेल्यात," तो म्हणाला. "जास्त पाठवलं तर जास्त येणारच की. भागाकार नको का करायला?"

बरोबर होतं, म्हणून मला राग आला. प्रत्येक वारी पाठवलेल्या मेसेजमागे किती जणांनी खरेदी केली, असं प्रमाण काढलं. सोमवार पार झोपला आणि गुरुवारचा खांब सगळ्यांच्या वर गेला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"सुट्टी हाय ना राव!" तो म्हणाला.

झालं. मी शिफारस अशी काही लिहिली की कुणालाही चपला घ्याव्याशा वाटाव्यात. कामगार गुरुवारी घरी असतो, सकाळी निवांत मोबाइल बघतो, संध्याकाळी बायकोमुलांना घेऊन बाजारात जातो, सबब सर्व मेसेज गुरुवारी सकाळी पाठवावेत. आलेखात गुरुवारला मी केशरी रंग दिला, बाकीच्या वारांना करडा.

कच्चा मसुदा सरांकडून परत आला तेव्हा खाली एकच ओळ होती: "ही माणसं कुठल्या गावची?"

मी तणतणत डेटाबरोबरची टीप पहिल्यांदा उघडली. खरं तर ती सगळ्यांत आधी वाचायची असते, पण ती कोण वाचतं? त्यात लिहिलं होतं: हा डेटा शिकवण्यासाठी तयार केलेला आहे, दुकान काल्पनिक आहे. गावाचं नाव कुठेच नव्हतं. माझा तो निवांत कामगार, त्याची बायको, मुलं, सगळी मीच पदरची घातली होती.

"मग खांब उंच का?" मी जोडीदारावरच ओरडले, जणू त्यानंच तो उभा केला होता.

त्याच्या त्या संथ पद्धतीनं त्यानं जुने ग्राहक एकीकडे काढले, नवे दुसरीकडे, आणि दोघांचे वारानुसार वेगळे खांब उभे केले. जुन्यांचे सगळे वार जवळपास एका उंचीचे. नव्यांचेही तसेच, फक्त बरेच बुटके. गुरुवार कुठेच उठून दिसेना. मग कळलं. गुरुवारचे मेसेज बहुतेक जुन्या ग्राहकांना गेले होते, सोमवारचे बहुतेक नव्यांना. जुनं गिऱ्हाईक कुठल्याही वारी जास्तच खरेदी करत होतं, आणि श्रेय खात होता गुरुवार.

"आता शिफारस काय लिहायची?" मी विचारलं.

"वाराचं सांगता येत न्हाई, असं."

"वेडा आहेस का? त्या मॅडम 'सांगता येत नाही' ऐकायला तळवड्याहून येणारेत?"

"मग खोटं लिव्हायचं व्हय?"

मला मामाचं पत्र्याचं ऑफिस डोळ्यांसमोर दिसायला लागलं. खरं सांगते, मला रडू येत होतं. माझा केशरी खांब इतका देखणा होता! पण तो चुकीचा आहे हे कळल्यावर त्याच्याकडे बघवेना, आणि मीच तो पुसला.

सादरीकरणाच्या दिवशी मॅडम पहिल्या बाकावर बसल्या. पहिली जोडी उठली: गुरुवार. दुसरी: गुरुवार, कारण वडील घरी असतात. तिसऱ्या जोडीनं तर त्या दिवशी दुरुस्तीसाठी लाइट जाते म्हणून लोक घराबाहेर पडतात असं कारण शोधलं होतं. सगळी कंपनीवाल्यांची पोरं. मॅडम हसत हसत मान डोलवत होत्या, आणि मी एकेक गुरुवार बोटांवर मोजत होते. सर खिडकीबाहेर बघत होते. मसुदे सगळ्यांचेच त्याच ओळीसह परत गेले होते, पण ती बाकीच्यांनी मनावर घेतलेली दिसत नव्हती.

आमची पाळी आली. मी दोन्ही आलेख दाखवले, आधी एकत्र, मग जुने-नवे वेगळे.

"छान," मॅडम म्हणाल्या. "मग कुठला वार?"

"सांगता येत नाही."

वर्ग खिदळला. जोडीदार घाईनं पुढे म्हणाला, "पुढचे काही आठवडे जुन्या ग्राहकांची चिठ्ठ्या टाकून सगळ्या वारांत सारखी वाटणी करायची. नव्यांचीबी तशीच. मेसेज तोच, वेळ तीच. मग वाराचा फरक पडतो का ते बघायचं."

"आणि तोपर्यंत मी माझ्या दुकानदाराला काय सांगू? की ठाऊक नाही?"

इथे माझा तोल गेला. "हो. कारण तुम्हांलाही ठाऊक नाही, मॅडम. तोवर जुन्या गिऱ्हाइकांना विसरू नका, एवढं सांगा. तेवढं डेटात दिसतं."

सर एकदम खिडकी सोडून आमच्याकडे बघायला लागले. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या जोडीला बोलावलं. तीही गुरुवारवालीच होती.

इंटर्नशिप आम्हांला मिळाली. मी घरी नाचले, आणि आईनं लगेच मामाला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"असं काय सांगितलंस गं त्यांना?" मामानं विचारलं.

"ठाऊक नाही, असं सांगितलं."

पलीकडे ग्राइंडर किंचाळून थांबला.

"आणि त्यावर घेतलं तुला?" मामा म्हणाला. "अगं, गेल्या उन्हाळ्यात माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तू हेच सांगत होतीस. तिथं म्हटलं की इंटर्नशिप, आणि माझ्याकडं म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या वर्कशॉपात!"

आई तोंडाला पदर लावून हसत होती. मामाची बाजू मला पहिल्यांदाच शंभर टक्के पटली, आणि मी तळवड्याला जायची तयारी करायला लागले.