लक्ष्मीपूजनाच्या आधी भाऊबीज

आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. वडील फौजेत शिपाई होते, दिल्लीच्या छावणीत आमचं बालपण गेलं, आणि ज्या दिवशी माझ्या हातात पदवीचा कागद आला त्या दिवशी वडिलांनी तो क्वार्टरच्या दारात उभं राहून शेजाऱ्यांना दाखवला. ते आठवून मला अजूनही बरं वाटतं. पण त्या कागदाने मला एक वाईट खोड लावली, तेही लिहायला हवं. मला कुणाला काही विचारायला आवडेनासं झालं.

नोएडातल्या एका छोट्या व्हिडिओ स्टुडिओत मी लेखनाचं काम करते. मयूर विहारहून मेट्रोने जायचं, मेट्रोने यायचं. गेल्या वर्षी एका संस्थेचं काम आलं. वर्षातल्या मोठ्या सणांवर एकेका मिनिटाच्या फिल्म. तेरा सण आणि शेवटी सगळं वर्ष एका मिनिटात दाखवणारी चौदावी. हिंदीत आणि मराठीत. बघणारे कोण, तर ज्यांना या परंपरेतलं काहीच माहीत नाही असे. दिल्लीत वाढलेली मुलं, दुसऱ्या धर्मातून लग्न होऊन आलेले सुना-जावई, ऑफिसातले परदेशी पाहुणे.

एक मिनिट म्हणजे फार थोडं असतं. मराठीत शंभर-सव्वाशे शब्द, त्यापुढे गेलं की बोलणारा धापा टाकायला लागतो. पहिल्या पाच सेकंदांत काहीतरी दिसलं पाहिजे: पणती, गुढी, दहीहंडीचं मडकं. मग सण कधी येतो, का करतात, घरात काय करतात, आणि शेवटी दुसऱ्या प्रांतात काय वेगळं असतं याचं एक वाक्य. फोनवर बघणारे आवाज बंद ठेवतात, म्हणून बोललेलं सगळं खाली अक्षरांतही दिसलं पाहिजे.

“कधी येतो” यावर पहिल्याच बैठकीत वाद झाला. आमचे साहेब म्हणाले, “तारीख डालो यार, नए लोगों को तिथि क्या समझेगी?”

मी म्हटलं, “सर, तारीख हर साल बदलती है. हीच फिल्म संस्थेला दरवर्षी दाखवायची आहे. पुढच्या वर्षी ती खोटी ठरेल.”

ते मानले. प्रत्येक फिल्ममध्ये एका ओळीत महिना, पक्ष, तिथी आली. चंद्र वाढतो तो शुक्ल पक्ष, घटतो तो कृष्ण पक्ष, मराठीत वद्य. मी जिंकले म्हणून त्या दिवशी खूश होते.

मी आधी हिंदी लिहायचे, मग त्यावरून मराठी. मराठी तपासायला दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या एक काकू होत्या. वयाने साठीच्या पुढच्या, नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत होता, मुंबईहून बदली होऊन आले ते इथलेच झाले. घरून काम करायच्या. मी त्यांना दोनदाच भेटले होते. पुस्तकी मराठी बोलायच्या आणि माझ्या मराठीत हिंदी किती आहे ते तोंडावर सांगायच्या. “अगं, ‘बिल्कुल’ काय? ‘अगदी’ म्हण की. तुम्हा इथल्या मुलींना ना…” त्यांचं हे “तुम्हा इथल्या मुलींना” मला झोंबायचं. इथल्या मुलीने पदवी घेतली होती, काकू बारावीवर थांबल्या होत्या. हे मी कधी बोलले नाही, पण मनात होतं.

तिसरी फिल्म महाशिवरात्रीची. हिंदीत मी लिहिलं, फाल्गुन कृष्ण चतुर्दशी. हिंदी पंचांगात बघून लिहिलं. मराठीतही तेच उतरवलं. काकूंनी फाइल तपासून पाठवली, मी घाईत बदल मान्य केले आणि ती संस्थेकडे गेली. संस्थेचे तपासनीस गाझियाबादचे एक निवृत्त शिक्षक. त्यांना मराठी येत नव्हती, पण देवनागरी वाचता येत होती. त्यांनी लिहिलं: हिंदीत फाल्गुन आहे, मराठीत माघ. एक ही दिन दो महीनों में कैसे? एक तो ग़लत है.

साहेबांनी मला बोलावलं. मी फाइल बघितली. माझं “फाल्गुन” काकूंनी खोडून “माघ” केलं होतं. समासात त्यांचा काहीतरी शेराही होता. मी तो उघडला नाही. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. मराठी शिकवणाऱ्या काकूंची चूक सापडली!

“सर, मैंने सही लिखा था,” मी म्हटलं, “तपासणाऱ्यांनी बदललं.”

“ये तो ग़लती सुधारने के लिए रखी हैं ना?”

“बुज़ुर्ग हैं, सर.”

हे शेवटचं वाक्य मी म्हणायला नको होतं. साहेबांनी संस्थेला कळवलं की चूक मराठी तपासनीसांची, यापुढे मराठी लेखिकाच बघेल. काकूंना त्यांनी दोन ओळींचा मेल केला. काकूंचा मला फोन आला नाही. मीही केला नाही.

महाशिवरात्रीच्या मराठीत मी पुन्हा “फाल्गुन” केलं. पुढच्या दहा फिल्म मी एकटीने केल्या. एक नियमच करून टाकला की मराठीतला महिना हिंदीसारखाच ठेवायचा. गोकुळाष्टमी भाद्रपदात, धनत्रयोदशी, नरक चतुर्दशी, लक्ष्मीपूजन कार्तिकात. मराठी आवाज देणारी मुलगी माझ्यासारखीच दिल्लीत वाढलेली. तिने निमूट वाचलं. संस्थेने निमूट मंजूर केलं. दोन्ही भाषा जुळत होत्या, मग कुणाला काय पडलं होतं?

आमच्याकडे ॲनिमेशन करणारा सहकारी, बिहारचा, शांत माणूस, त्याला मी चौदाव्या फिल्मसाठी सणांची आणि तिथींची यादी दिली. डावीकडून उजवीकडे वर्षाची पट्टी, चैत्र ते फाल्गुन, प्रत्येक महिन्याचे दोन भाग, आणि त्या त्या तिथीला सणाचं छोटं चित्र. हिंदी पट्टी त्याने त्यांच्या पंचांगावरून केली, मराठी पट्टी आमच्या पंचांगावरून. आमच्या पंचांगात महिना शुक्ल पक्षाने सुरू होतो, म्हणून आधी शुक्ल, मग वद्य.

दुपारी जेवणानंतर त्याने मला स्क्रीनपाशी बोलावलं. “देख लीजिए, मैडम.”

पट्टी सरकायला लागली. गुढी आली, श्रावणात नारळी पौर्णिमा आली. भाद्रपदात गणपती आले, आणि त्यांच्या नंतर दहीहंडी. मला काहीतरी खटकलं पण पट्टी पुढे गेली होती. दसरा आला. मग कार्तिकात आधी पाडवा, मग भाऊबीज, मग मोठी रिकामी जागा, आणि महिन्याच्या अगदी शेवटी लक्ष्मीपूजनाच्या पणत्या.

“ये क्या है? भाऊबीज पहले, लक्ष्मीपूजन बाद में?”

“आपने जो लिखा है वही लगाया है,” तो म्हणाला. “कार्तिक शुक्ल दूज, कार्तिक अमावस्या. शुक्ल पहले आता है ना, मराठी में? हमने सोचा आप लोगों में ऐसे ही होता होगा.”

“किसी में ऐसा नहीं होता!”

“हमको भी अजीब लगा था,” तो म्हणाला. “पर आप ग्रैजुएट हैं.” तो थट्टा करत नव्हता. म्हणूनच जास्त लागलं.

दोन पंचांगं टेबलावर शेजारी शेजारी ठेवून मी बसले. अर्ध्या तासात कळलं, आणि कळल्यावर असं वाटलं की हे न कळण्यासाठीच खास मेहनत घ्यावी लागली असणार. इकडे उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. शुक्ल पक्षाचं नाव दोन्हीकडे एकच. वद्य पक्ष मात्र इकडे पुढच्या महिन्याच्या नावावर जातो, आपल्याकडे चालू महिन्याच्याच नावावर राहतो. दिवस तोच, चंद्र तोच. त्यांची फाल्गुन कृष्ण चतुर्दशी ती आपली माघ वद्य चतुर्दशी. त्यांची कार्तिक अमावास्या ती आपली आश्विन अमावास्या. म्हणून दिवाळी आपल्याकडे आश्विनात सुरू होते आणि पाडव्याला कार्तिक लागतो.

छावणीत शेजारच्यांचा सावन आमच्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागायचा. आई म्हणायची, “त्यांचा आधी, आपला मागून.” मी ते वीस वर्षं बघितलं होतं. कारण कधी विचारलं नाही.

मग मी महाशिवरात्रीची जुनी फाइल काढली आणि काकूंचा शेरा उघडला. “आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. त्यामुळे हिंदीत फाल्गुन बरोबर, मराठीत माघ बरोबर. दोन्ही तसेच ठेव. विचारलं तर मी समजावून सांगेन.”

विचारलं तर.

साहेबांकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं, कुणाची चूक तेही. त्यांनी डोळे चोळले. “तो ठीक कर दो. किसी को बताने की क्या ज़रूरत है? बोल देंगे तकनीकी सुधार.”

“काकूंचं नाव खराब झालंय, सर.”

“अरे, दूसरा काम दे देंगे उनको. चलो.”

संध्याकाळी घरी पोचून, चपला न काढताच काकूंना फोन लावला. मी आढेवेढे न घेता बोलले. पलीकडे कुकरची शिटी झाली. त्यांनी गॅस बंद केला.

“भाऊबीज आधी?” त्या म्हणाल्या. “अगं, भावाने ओवाळणी टाकली आणि मग लक्ष्मी आली की काय!” त्या हसल्या. मीही हसायला लागले, तशा त्या थांबल्या.

“काकू, परत याल का? पाच मराठी फिल्म दुरुस्त करायच्या आहेत.”

“नाही गं.”

“सर म्हणतात…”

“तुझे सर काय, काम देतीलही. पण त्या गाझियाबादच्या मास्तरांना माझं नाव कशासाठी ठाऊक आहे? चुकीसाठी. चौदा वर्षं मी हे काम केलं, माझ्यामुळे कुणाची फिल्म परत आली नव्हती.” मग म्हणाल्या, “तुला माघ पटलं नव्हतं तर फोन करायचास. मी काय खाल्लं असतं तुला?”

मला वाटतं की खाल्लं असतं, निदान “तुम्हा इथल्या मुलींना” तरी म्हणाल्या असत्या. आणि मला ते ऐकायचं नव्हतं, एवढंच होतं सगळं.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेला मेल लिहिला. साहेबांना न विचारता. महाशिवरात्रीच्या फिल्ममध्ये मराठी तपासनीसांनी लिहिलेला माघ बरोबर होता, कारण असं असं आहे. तो मी न समजता चूक ठरवला. पुढच्या फिल्ममधले मराठी महिने मी चुकवले. काकूंचं पूर्ण नाव लिहिलं. साहेबांना आणि काकूंना प्रत पाठवली. साहेब दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. गाझियाबादच्या गुरुजींनी मात्र लांब उत्तर लिहिलं, त्यांना आनंदच झाला होता, आणि काकूंना त्यांनी “आदरणीय बहन जी” म्हटलं होतं.

काकूंचं उत्तर संध्याकाळी आलं. एकच शब्द. “मिळालं.”

त्यानंतर आवाज देणारी मुलगी आली. पाच फिल्ममधली एकेक ओळ पुन्हा म्हणायची होती. “फाल्गुन”च्या जागी “माघ” आला की ओळ अर्ध्या सेकंदाने आखूड होते आणि खालची अक्षरं मागे राहतात, म्हणून ती ओळ तिला पुन्हा पुन्हा जरा सावकाश म्हणायला सांगावं लागत होतं. “दीदी, पण माघ का?” तिने विचारलं.

मी खुर्ची ओढली आणि तिला पहिल्यापासून सांगितलं.