अक्षरी दोन हजार एकोणऐंशी

भूमय्या कोंडा रोज अकराला पतसंस्थेत यायचे आणि भिंतीकडच्या लाकडी बाकावर, खिडकीच्या सगळ्यांत जवळच्या टोकाला बसायचे. त्यांचं खातं एकच होतं आणि त्यातलं काम महिन्यातून एकदाच निघायचं. तरी रोज यायचे. पांढरं धोतर, बिनइस्त्रीचा सदरा, हातात कापडी पिशवी. पिशवीत काय असायचं, कुणी विचारलं नाही. तास-दीड तास बसून, साडेबाराला उठून ते साखर पेठेकडे चालू लागायचे.

"मामा पंख्याला येतात," कॅशिअर इरण्णा बिराजदार म्हणायचा. "घरातला पंखा बिघडलाय म्हणे. आपल्या लाइटबिलातली चार आणे वर्गणी त्यांच्याकडून घ्यायला पाहिजे."

"बिराजदार, तुझा आवाज बंद केला तर वीज जास्त वाचंल," भूमय्या म्हणायचे आणि बाकावर मागे टेकायचे.

खिडकीमागे पुष्पलता चिप्पा बसायची. व्हाउचर पास करण्याचं काम तिचं. सोळा वर्षं ती ते एकाच पद्धतीनं करत होती. व्हाउचर हाती आलं की उजवा कोपरा, जिथं चौकटीत आकडे लिहिलेले असतात, तो आधी मागे दुमडायचा. आकडा डोळ्यांना दिसूच द्यायचा नाही. मग 'अक्षरी रुपये'पुढची ओळ ओठांत पुटपुटत वाचायची आणि ऐकू आलं ते समासात पेन्सिलीनं आकड्यांत मांडायचं. त्यानंतरच कोपरा उलगडायचा. दोन्ही जुळले तर बरोबरची खूण, नाहीतर व्हाउचर परत.

"आकडा आधी बघितला ना," ती नव्या मुलींना सांगायची, "की डोळा अक्षरं वाचतच नाही. जे दिसलंय तेच त्याला तिथं लिहिलेलं दिसतं."

तिचं पुटपुटणं बाकापर्यंत पोचायचं. सव्वाअकराशे. पेन्सिल ११२५ लिहायची. पावणेतीन हजार. २७५०. पाच हजार चार. इथं ती जरा थांबायची, कारण शेकडा नाही, दशक नाही, तर दोन शून्यं आपण आठवणीनं घालायची: ५००४. लोक नेमके तिथंच घसरायचे. कुणी ५०४ लिहायचं, कुणी ५०००४. आणि एकोणसाठ, एकोणसत्तरची गल्लत तर आठवड्याला दोन. अक्षरांत एकोणसाठ, आकड्यांत ६९.

"तुमच्या मराठीचं काय कळत नाही बघ," भूमय्या एकदा बाकावरूनच म्हणाले होते. "आमच्या तेलुगूत सरळ सत्तर आणि नऊ म्हणतात. तुम्ही ऐंशीपर्यंत जायचं आणि एक पाऊल माघारी यायचं."

"मी कुठली मराठी मामा? मी पण आपल्यातलीच की."

"तू शाळेत गेलीस. तू त्यांच्यातली झालीस." मग थोड्या वेळानं, "अंबू पण तशीच."

अंबुबाई त्यांची बायको. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, जन्मभर विड्या वळलेली. भूमय्यांनी शाळा पाहिली नव्हती. चादरीच्या कारखान्यात मीटर मोजता मोजता आकडे आले, अक्षरं मात्र आली नाहीत. सही तेवढी अंबुबाईनं शिकवली होती; ते ती लिहायचे नाहीत, काढायचे, दारात रांगोळी काढावी तशी, ठरल्या जागेवरून सुरू करून. कारखाना सुटल्यावर मिळालेले दोन लाख सत्याहत्तर हजार दोनशे त्यांनी ठेवीत टाकले. त्याचं नऊ टक्क्यांनी महिन्याचं व्याज दोन हजार एकोणऐंशी, ते बचत खात्यात जमा व्हायचं, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला तेवढंच व्हाउचरनं काढायचं. अक्षरी ओळ अंबुबाईनं लिहायची, आकडे आणि सही भूमय्यांनी. एका व्हाउचरवर दोघांचा हात.

अंबुबाई श्रावणात गेली. हे पुष्पलताला माहीत होतं. ती घरी जाऊनही आली होती. पण त्यानंतरही दर महिन्याला व्हाउचरवर तेच वळण येत राहिलं. उभं, जरा डावीकडं कललेलं, 'मात्र'पुढं आडवी लांब रेघ. सासरची लेक येऊन लिहून देत असेल, तिचं अक्षर आईवर गेलं असेल, असं तिला वाटलं होतं. पुढं कधीतरी ठेवीची मुदत संपली आणि दहा टक्क्यांनी नवी ठेव झाली.

त्यानंतरच्या पाच तारखेला तिनं कोपरा दुमडला, ओळ वाचली, दोन हजार एकोणऐंशी मात्र, आणि समासात लिहिलं २०७९. कोपरा उलगडला तर चौकटीत २३१०.

"मामा, हे जुळत नाही."

"कसं नाही? बिराजदारानंच सांगितलं, नवं व्याज तेवीसशे दहा. मी बरोबर तेवढंच लिहिलंय."

"आकडे नवे आहेत. अक्षरात जुनीच रक्कम आहे. ज्यानं लिहिलं त्याला व्याज बदललेलं सांगितलं नव्हतं का?"

इरण्णानं शेजारून मान घातली. "त्यात काय एवढं? ती ओळ खोडा, पुष्पाक्का वर लिहून देतील, तुम्ही बाजूला सही करा. नाहीतर हे घ्या कोरं."

"खोडायचं नाही."

एवढा मोठा आवाज त्या खिडकीवर त्यांनी कधी काढला नव्हता. रांगेतल्या बाया वळून बघू लागल्या. त्यांनी पिशवीतून व्हाउचरांचं पुस्तक काढलं आणि काचेखालून आत सरकवलं. पंचवीस पानी पुस्तकातली अठरा पानं उरली होती. पुष्पलतानं एक उलटलं, दुसरं उलटलं. प्रत्येक पानावर अक्षरी ओळ भरलेली होती. दोन हजार एकोणऐंशी मात्र. पहिल्या पानांवर अक्षर ठाम होतं. पुढं ते बारीक होत गेलं होतं, शेवटच्या दोन-तीन पानांवर 'मात्र'नंतरची रेघ वाटेतच सुटली होती.

"दवाखान्यातनं घरी आणली तेव्हा," भूमय्या म्हणाले. "चार दिवस बसून लिहिलं. म्हटलं, कशाला? तर म्हणाली, दोन वर्षं तुम्हाला कुणाच्या दारात जायला नको. लिहिताना मोठ्यानं म्हणायची. दर पानाला. दोन हजार एकोणऐंशी मात्र. मी म्हटलं, बास कर, शेजारच्यांना वाटंल आपल्याकडं लई पैसा आहे."

ते हसले नाहीत. पुष्पलताला कळलं, हे पंख्याला येत नव्हते. रोज तासभर दुसऱ्यांच्या रकमा ऐकत बसायचे, आणि महिन्यातून एकदा त्यांची ओळ यायची.

संस्थेचा नियम सरळ होता. अक्षर आणि आकडा जुळत नसेल तर पैसे द्यायचे नाहीत; दोन्हींतलं एक दुरुस्त झालंच पाहिजे. कुठलं, ते नियमात लिहिलेलं नव्हतं. तिनं पेन पुढं केलं.

"मामा, आकडा खोडू या. एकच रेघ मारायची, खालचं दिसलं पाहिजे. वर २०७९ लिहा, बाजूला सही काढा. खात्यात तेवीसशे दहा जमा आहेत, तुम्ही त्यातले कमी काढताय, एवढंच. पण दोनशे एकतीस मागं राहतील. दर महिन्याला."

"राहू देत."

"औषधाला लागतील."

"तिनं जेवढं लिहिलंय तेवढ्यात घर चालतंय, पुष्पा."

त्यांनी रेघ मारली. वर २०७९ लिहिलं. सही काढून झाल्यावर पुष्पलतानं कोपरा पुन्हा दुमडला आणि ओळ पुन्हा वाचली, या वेळी ओठांत नाही. बाकापर्यंत नीट जाईल अशी. मग कोपरा उलगडला. २०७९. जुळलं.

पुढं दर महिन्याला ती ओळ तशीच वाचली गेली. इरण्णानं पहिल्यांदा भुवई उंचावली, मग तोही नोटा मोजायचं थांबवून ऐकू लागला. पासबुकात दोनशे एकतीस, चारशे बासष्ट, सहाशे त्र्याण्णव असं साठत गेलं. पुस्तक बारीक होत गेलं, कारण पास झालेलं व्हाउचर परत मिळत नाही. ते दिवसाच्या गठ्ठ्यात शिवलं जातं आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत जातं. भूमय्यांना ते ठाऊक होतं. पैसे घ्यायचे तर एक पान द्यायचं, आणि पान द्यायचं तर ते पुन्हा बघायला मिळणार नाही.

शेवटच्या पानाच्या महिन्यात पाच तारखेला ते बाकावर बसले आणि खिडकीशी आलेच नाहीत. सहा तारखेलाही नाही. सात तारखेला पुष्पलता जेवणाच्या सुट्टीत बाहेर येऊन त्यांच्याशेजारी बसली. डब्यातली अर्धी भाकरी आणि शेंगाचटणी तिनं झाकणावर ठेवून पुढं केली.

"जेवलात?"

"एक राहिलंय," ते म्हणाले. "हे दिलं तर संपलं. तू परत देशील का?"

"नाही देता येत, मामा."

"माहीत आहे मला. विचारून बघितलं."

तिला फोटो काढून द्यावासा वाटला, झेरॉक्स सुचली. पण भूमय्या भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "नवं पुस्तक दे. कोरं."

चार दिवस ते बाकावर बसून काहीतरी करत राहिले. मांडीवर पिशवी, पिशवीवर अंबुबाईचं शेवटचं पान, शेजारी जुन्या कॅलेंडरची मागची बाजू. इरण्णा जाता-येता डोकवायचा.

"मामा, बालवाडीत नाव घातलं का?"

"तुझ्या पोराच्या शेजारीच बसवलंय. तो सारखा पेन्सिल चावतो, सांग त्याला."

बारा तारखेला ते खिडकीशी आले. कोरं व्हाउचर भरून. पुष्पलतानं कोपरा दुमडला. ओळ उभ्या वळणाची होती, डावीकडं कललेली. 'ण'चा दांडा जरा जास्तच खाली आलेला, 'ऐं'वरचा अनुस्वार बाजूला पडलेला, पण प्रत्येक अक्षर जागच्या जागी. ही अक्षरं भूमय्यांना वाचता येत नव्हती. सही काढत तशी त्यांनी ती काढली होती, अंबुबाईच्या अक्षरावरून. 'मात्र'पुढची रेघही वाटेतच सुटलेली होती, तिची सुटली होती तिथंच.

दुसरी कुठलीही रक्कम त्यांना काढता येणार नव्हती. म्हणजे दोनशे एकतीस यापुढंही मागंच राहणार होते.

"दोन हजार एकोणऐंशी मात्र," पुष्पलतानं मोठ्यानं वाचलं. समासात लिहिलं: २०७९. कोपरा उलगडला. २०७९. बरोबरची खूण करताना पेन्सिलीचं टोक मोडलं, म्हणून तिनं पेन घेतलं.

शेवटचं पान पिशवीतच राहिलं.

असे ते आणखी चार महिने आले. रोज अकराला बाकावर, महिन्यातून एकदा खिडकीशी. त्यांचा 'ण' सुधारत गेला. थंडी पडायला लागली तसे ते मफलर गुंडाळून यायचे आणि इरण्णा म्हणायचा, आता पंख्याचं कारण चालणार नाही. शेवटचे आले त्या पाच तारखेलाही तसंच झालं. व्हाउचर जुळलं. इरण्णानं पाचशेच्या चार नोटा मोजल्या, वर पन्नासाची एक, विसाची एक, पाचाचं नाणं, दोनाचं एक नाणं. उरलेल्या दोन रुपयांसाठी गल्ल्यात हात घालून त्यानं सवयीनं दोन चॉकलेटं काचेखालून सरकवली.

भूमय्यांनी चॉकलेटं बोटानं मागे ढकलली.

"हे नको बिराजदार. नऊ म्हटलंय तिनं, नऊच दे."