सुईबद्दलच्या चार ओळी

गावात त्याला ठिबकमास्तर म्हणतात. वय बावन्न, शिक्षण सातवी, लिंबाची सव्वातीनशे झाडं. शेतकऱ्यांना दाखवायच्या चित्रफितीसाठी प्रशिक्षण केंद्राच्या बाईंनी त्यालाच निवडलं, कारण तो पुस्तकी बोलत नाही. मजकूर त्याने स्वतःच लिहिला, चार पानं पाठपोट.

"भावांनो, वरची माती कोरडी दिसली म्हणून घाबरू नका. थेंब पडतो त्या ड्रिपरजवळ खुरप्याने वीतभर उकरा. आतल्या मातीची मूठ वळली, तर झाड पाणी पितंय. गाळणी धुवा. आठवड्यातून एकदा नळ्यांची टोकं उघडा, स्वच्छ पाणी येईस्तोवर वाहू द्या."

पुढे सुईबद्दलच्या चार ओळी होत्या. "ड्रिपर तुंबला तर सुई घालू नका. मी घातली होती. आतली बारीक वाट फाटली की पाणी तिथेच सांडतं, टोकाला दाब उरत नाही. माझी टोकाची चाळीस झाडं वाळली."

त्या ओळी एकाच माणसासाठी होत्या. बांधापलीकडे धाकट्या भावाची बाग. वाटणी झाल्यापासून नऊ वर्षं अबोला. दोघांच्या विहिरींचं पाणी सारखंच क्षाराचं, आणि भावाने नुकतंच ठिबक बसवलेलं.

बाईंनी नेमक्या त्याच ओळींवर काट मारली. "चाळीस झाडं मेली म्हटल्यावर नळ्या कोण घेईल, काका?"

"बाकीचं कापा, बाई. तेवढं राहू द्या."

"लोकांना शिकवायचंय, घाबरवायचं नाही."

त्याने काट मारलेली पानं तशीच घडी करून खिशात घातली. केंद्राच्या भिंतीवर आदर्श शेतकरी म्हणून त्याचा फोटो लागायचा होता.

चित्रफीत दाखवली तेव्हा भाऊ शेवटच्या रांगेत होता. "मास्तर, पडद्यावर बरेच गोरे झालात की!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. भाऊ हसला नाही, कान देऊन ऐकत राहिला.

चार महिन्यांनी भावाचे ड्रिपर क्षाराने पांढरे पडून तुंबले. भावजय गोधडीची सुई घेऊन ओळीओळीने फिरू लागली. मास्तर दोन दिवस बांधावरून बघत होता. आधी कोणी बोलायचं, एवढाच प्रश्न होता. तिसऱ्या दिवशी तो पलीकडे गेला.

"अरे, सुई नको. मोजून ॲसिड सोड, दिवसभर नळ्यांत राहू दे, मग टोकं उघडून धू."

भावाने मान वर केली नाही. "सगळ्या गावाला सगळं सांगितलंस, दादा. एवढंच घरासाठी राखून ठेवलंस होय?"

"लिहिलं होतं मी. बाईंनी कापलं."

"आणि बांध ओलांडायला? तोही बाईंनीच अडवला?"

भावजय मध्ये पडली. "दोनशे ड्रिपर मोकळे केले, भाऊजी. बघा की, कसं धो धो येतंय!"

पाणी खरंच जोरात येत होतं. टोकाच्या झाडांची पानं कडेने वळू लागली होती. मास्तरने तिकडे बोट दाखवलं. भावाने तिच्या हातातली सुई घेतली आणि पुढच्या ड्रिपरवर वाकला.