थांबून पाहू

दुरुस्तीच्या दुकानात ताई हल्ली कामापुरतंच बोलत. हात आपोआप चालत. शाळेच्या कारकुनाने जुना संगणक आणला. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा वापर शंभर टक्के, आणि माऊससुद्धा अडकतो.

"अपडेटच असणार," कारकून म्हणाला. "दोन महिने म्हणतोय, थांबून पाहू."

ताईंनी आधी सर्चचं इंडेक्सिंग, मागे चालणारी फायलींची नोंदणी, बंद केलं. आकडा ढिम्म हलेना. अपडेट पूर्ण होऊ दिलं, संगणक पुन्हा सुरू केला. तरी शंभरच. वेग पाहिला, तर सेकंदाला जेमतेम काही केबी, आणि एकेका प्रतिसादाला तीन-चार सेकंद. काम काहीच नाही, तरी डिस्क धापा टाकत होती. तपासणीत डिस्कवर वाचता न येणारे सेक्टर, खराब झालेले कप्पे, निघाले. थोड्या वेळाने पाहिलं तर आणखी वाढलेले.

"डिस्क हातची चाललीय. दुरुस्तीच्या फंदात नको पडायला. आधी निघेल तेवढं दुसरीकडे उतरवून घेऊ."

"आधीच आणायला हवा होता का?"

गेल्या वर्षी ताईंचा नवरा जिन्यात असाच धापा टाकत कोसळला आणि गेला. त्याआधी महिनाभर तो म्हणत होता, पित्त आहे. आणि ताई म्हणत होत्या, थांबून पाहू.

"हो," ताई म्हणाल्या आणि केबल जोडली.