लपवण्यासाठी सेव्ह केलेले नंबर

घटस्फोटाचा कागद हातात पडला त्याच दिवशी मी सासरच्या सगळ्यांचे नंबर फोनमधून उडवले. माजलगावच्या स्टँडवर एसटीची वाट बघत एकेक नाव पुसत गेले आणि खरं सांगते, लई हलकं वाटलं. हेच नंबर पुढं मला हात पसरून मागावे लागतील, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मी माजलगावात एका हायस्कूलला मराठी शिकवते. मुलीला घेऊन भावाच्या घरी राहते. मुलगी माझ्याकडं राहिली ती सुखासुखी नाही. घटस्फोटाच्या बैठकीत सासरची माणसं सगळ्यांसमोर म्हणाली होती, बाई नीट वागली तोवर पोरगी तिच्याकडं, काही कानावर आलं तर आम्ही घेऊन जाऊ. नीट म्हणजे काय, हे ठरवणार तेच. कागदावर असलं काही नव्हतं, पण पोरगी ओढून नेणाऱ्याला कागद कुठं लागतो?

भाऊ स्थळं आणत होता. बायको वारलेले, दोन-तीन पोरं असलेले, घरात भाकरी थापायला बाई पाहिजे असलेले. मला पुन्हा लग्न करायचं होतं, पण माणूस मी बघणार होते. छत्रपती संभाजीनगरच्या माझ्या मैत्रिणीला तिचा जोडीदार डेटिंग अॅपवर भेटला होता. ती मागं लागली. मी म्हटलं, "अगं, अॅपवर शोधायला पन्नास किलोमीटरचा घेर लावला तर त्यात माझं अख्खं गोत येतं. वर शाळेतले मास्तर."

"त्यांना लपव," ती म्हणाली, आणि फोनवरच तिनं मला सगळं समजावलं. अॅपचं खातं फोन नंबरावर उघडतं. आपण परवानगी दिली की ते आपल्या फोनमधली नावं वाचतं आणि यादी समोर मांडतं. ज्यांच्यासमोर खूण करू, त्यांचं त्या नंबरावर खातं असेल तर त्यांना आपण दिसत नाही आणि आपल्यालाही ते दिसत नाहीत. त्यांना याची कुठलीही सूचना जात नाही.

मग मी कामाला लागले. भावकीच्या ग्रुपमध्ये निम्म्या लोकांची नावंच नव्हती, नुसते नंबर. जो सेव्ह नाही तो यादीत येत नाही, म्हणून ज्यांचं आयुष्यात कधी तोंड बघायची इच्छा नव्हती तेही एकेक करून सेव्ह केले. रिकाम्या तासाला स्टाफरूममध्ये बसून हे करायचे. शेजारच्या बाई म्हणाल्या, "काय मॅडम, ग्रामपंचायतीला उभ्या राहताय का?" मी त्यांचाही नंबर आहे ना ते बघून घेतलं.

सिरसाळ्याच्या आत्याच्या नावापुढं खूण केली हे फोनवर सांगितलं तेव्हा मैत्रीण खो खो हसली. "सत्तरीच्या म्हातारीला कशाला लपवतेस?" तिला इकडचं काय ठाऊक? सिम आत्याच्या नावाचं, फोन तिच्या धाकट्या पोराच्या खिशात. आमच्याकडं निम्म्या बायकांचे नंबर असेच पोरांच्या, पुतण्यांच्या हातात फिरतात. पालीच्या मामीचंही तेच. मी सगळ्या म्हाताऱ्या लपवल्या.

राहिलं सासर. ज्यांच्यापासून खरा धोका, नेमके तेच माझ्या फोनमध्ये नव्हते. बळ करून पुसलेल्या माणसांपासून लपायला तीच माणसं पुन्हा फोनमध्ये घ्यायची. राग आला. पण पोरीपुढं रागाचं काय घेऊन बसायचं? नणंदेचा नंबर मला पाठ होता, कारण तिच्या कॉलेजच्या दिवसांत रिचार्ज मीच मारायचे. ती आता बीडला एका दवाखान्यात नर्स आहे. त्या घरात माझ्या बाजूनं कुणी कधी तोंड उघडलं असेल तर तिनं. तरी ती त्यांचीच लेक. दुपारच्या सुट्टीत शाळेच्या सायकल स्टँडकडं गेले आणि फोन लावला.

"वहिनी?" ती म्हणाली. कागद होऊनही तिच्या तोंडातून वहिनीच आलं.

थापा मारून नंबर काढता आले असते. पण मी ठरवलं होतं की लपायचं असलं तरी खोटं बोलायचं नाही. म्हटलं, "मला घरातल्या सगळ्यांचे नंबर पाहिजेत. तुझ्या दादाचाबी." दादा, म्हणजे माझा आधीचा नवरा.

"दादाचा कावून? त्याचा कशाला?"

मी सांगून टाकलं. अॅप सांगितलं, लपवायची सोय सांगितली, पोरीची भीती सांगितली. "थांबा जरा," म्हणत ती दवाखान्याच्या गलक्यातून बाहेर गेली. मला वाटलं, संपलं. पोरीचं दप्तर भरून ठेवायला हवं.

"त्याचा जुना नंबर टाकून उपयोग न्हाई," ती म्हणाली. "त्यानं ते नव्या सिमवर उघडलंय. जुना लपवला तरी त्याला तुमी दिसताल."

"काय उघडलंय?"

"तेच की, तुमी म्हणताय ते. दिवाळीत मीच लावून दिलं त्याला. फोटो धरणावर जाऊन काढले. आईनं शर्ट काढून दिला."

मी तिथंच कट्ट्यावर टेकले. तिकडं आई शर्ट काढून देतेय, बहीण फोटो काढतेय. इकडं मी चोरासारखी म्हाताऱ्या आत्या सेव्ह करत बसलेय. अंगाचा नुसता जाळ झाला.

"त्यानं कुणाला लपवलंय का?" मी विचारलं.

"त्याला कशाला लपवायचं?" ती अगदी साधेपणानं म्हणाली. मग तिचं तिलाच ते लागलं असावं. आवाज उतरला. "वहिनी, पोरीचं कुणी काही काढलं तर मला फोन करा. मी सांगते त्यान्ला, आदी दादाचा फोन दावा."

तिनं नंबर पाठवले. नव्या सिमचाही. मी सगळे सेव्ह केले, अॅपची यादी पुन्हा ताजी केली, कारण नंतर घेतलेली नावं आपोआप लपत नाहीत. त्याच्या नावाशी थांबले. आता त्यानं मला बघितलं तरी तो कुठल्या तोंडानं बोलणार होता? उघडं ठेवावं, दिसू दे त्याला, असंही मनात आलं. पण ही सोय दोन्ही बाजूंनी चालते. माणूस निवडायला बसल्यावर मध्येच तो शर्ट घालून धरणावर उभा दिसावा, हे मला नको होतं. मी खूण केली. भीतीनं नाही, माझ्या मर्जीनं.

संध्याकाळी भाऊ जेवायला बसला. माझी वहिनी चुलीपाशी भाकरी थापत होती. मी ताट वाढलं आणि म्हटलं, "अण्णा, आता स्थळं आणू नको. मी बघतेय माझं."

"कुठं बघतीस?"

"फोनवर. अॅप असतं."

वहिनीचा हात थांबला. भावानं घास ताटात ठेवला. "डोकं ठिकाणावर हाय का तुझं? लोक बघतील."

"लोकांना लपवलंय," मी म्हटलं. "तुला लपवून करायचं नव्हतं, म्हणून सांगतेय."