हिरव्या शाईतलं कारण

शेअर घेताना निळ्या शाईत लिहायचं आणि विकताना हिरव्या, असा माझ्या वहीचा नियम होता. का घेतला आणि किती पडला तर विकायचा, हे घेण्याआधीच लिहायचं. नफा-तोटा काय, मोबाइलवर दिसतोच. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ही वही मी इमानदारीने लिहितो, असं मला वाटायचं.

एका रविवारी बायकोने ती चाळली. तिची सारी नोकरी जबलपूरच्या शाळेत गणित शिकवण्यात गेली.

"काहून हो, घ्यायचं कारण हिरव्या शाईत कसं?"

मी चिडलो. "घाईत राहून गेलं असेल. फायदा झाला ना?"

"उत्तर पाहून रीत लिहिली, तर मी मार्क देत नव्हते," ती म्हणाली आणि उठून गेली.

मी एकटाच पानं उलटत बसलो. ज्या सौद्यांचा अभिमान होता, त्यातल्या बहुतेकांचं कारण हिरवं निघालं. सगळ्यात मोठ्या नफ्याच्या पानावर ते खोडून मी पेन्सिलीने खरं लिहिलं: 'सराफ्यातल्या मित्राने घेतला, म्हणून.'

मग दोन वर्षं तोट्यात अडकलेल्या शेअरचं पान काढलं. तिथे कारणाची जागा कोरीच होती.

तिथेही तेच वाक्य लिहावं लागलं.